आईचं दुसरं लग्न आणि लेकराच्या दाखल्यावरचं नाव

2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती मराठवाड्यात आली, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. निजामाच्या काळचे कागद बाहेर निघाले. ज्यांनी ते हातात धरून पाहिले असतील त्यांना आठवेल, माणसाच्या नावापुढं 'वल्द' किंवा 'बिन' लिहून बापाचं नाव असतं. बाईच्या नावापुढं 'जौजे' किंवा 'भ्रतार' लिहून नवऱ्याचं नाव असतं. आईचं नाव शोधून सापडत नाही. कागदावर लेकरू बापाचं आणि बाई नवऱ्याची, अशी ती लिहायची पद्धत होती.

मग नवरा वारला आणि बाईनं दुसरं घर केलं, तर लेकराच्या नावाचं काय?

आपल्याकडच्या बऱ्याच जातींत पाट लावायची, मोहतर करायची रीत जुनीच आहे. बंदी होती ती मुख्यतः वरच्या म्हणवणाऱ्या जातींत, आणि त्यांच्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी झटून 1856 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा करून घेतला. तो इंग्रजांच्या मुलखाचा कायदा. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तरी तो इथं सांगायचं कारण आहे. शाळेत आपण शिकलो की या कायद्यानं विधवेला लग्नाचा हक्क दिला. त्याची दुसरी बाजू कुणी शिकवली नाही. दुसऱ्या कलमात लिहिलं होतं की लग्न केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क, जणू ती मेली आहे असं समजून, संपेल. तिसऱ्या कलमात होतं की मेलेल्या नवऱ्याचे आईबाप किंवा इतर नातेवाईक कोर्टात अर्ज करून लेकरांसाठी वेगळा पालक मागू शकतील. म्हणजे लग्न कर, पण जमीन आणि लेकरं इथंच राहू शकतात. आपल्याकडच्या रिवाजातही कित्येक घरांत तेच व्हायचं. बाई निघाली की पोरं चुलत्याकडं, आणि एखादं अंगावरचं लेकरू तेवढं आईबरोबर जायचं. हा 1856 चा कायदा 1983 साली रद्द झाला. पण त्यामागचा विचार कोर्टाच्या दारात पुन्हा येऊन उभा राहिला, तो आपल्या तेव्हाच्या शेजारच्या राज्यात.

आंध्र प्रदेशातली ही गोष्ट. एका बाईचं लग्न 2003 साली झालं. मार्च 2006 मध्ये मुलगा झाला आणि जूनमध्ये नवरा वारला. लेकरू तेव्हा अडीच महिन्यांचं होतं. पुढच्या वर्षी, 2007 साली, तिनं हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं. 2008 साली मुलाच्या आजी-आजोबांनी कोर्टात अर्ज केला की नातवाचे पालक आम्हाला नेमा. खालच्या कोर्टानं 2011 साली तो फेटाळला. एवढ्या लहान लेकराला आईपासून तोडू नये असं म्हटलं आणि आजी-आजोबांना भेटायची मर्यादित मुभा दिली.

आजी-आजोबा हैदराबादच्या उच्च न्यायालयात गेले. तिथं 2014 च्या जानेवारीत निकाल लागला. मूल आईकडंच राहील, पण त्याचं आडनाव पहिल्या बापाचंच परत लावायचं, आणि कागदांवर जिथं जमेल तिथं जन्मदात्या बापाचं नाव दाखवायचं. जिथं ते जमणार नाही, तिथं आईच्या आताच्या नवऱ्याचं नाव 'सावत्र बाप' म्हणून लिहायचं. विचार करा, पोरगं शाळेचा फॉर्म भरतंय आणि त्यावर 'सावत्र बाप' असं लिहिलंय.

आई सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 जुलै 2022 ला न्यायमूर्ती दिनेश माहेश्वरी आणि न्यायमूर्ती कृष्ण मुरारी यांनी निकाल दिला. ते म्हणाले, बाप वारल्यावर आई ही लेकराची एकटी नैसर्गिक पालक आहे. ती आपल्या नव्या घरात लेकराला सामील करून घेऊ शकते आणि त्याचं आडनाव ठरवू शकते. कागदावर सावत्र बाप लिहायला लावणं हे जवळजवळ क्रूर आहे, त्या मुलाच्या मनाचा विचारच केलेला नाही, असंही म्हणाले. आणखी एक बारीक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आडनाव बदलून द्या असं आजी-आजोबांनी अर्जात कधी मागितलंच नव्हतं. न मागितलेलं उच्च न्यायालयानं देऊन टाकलं होतं.

त्या आजी-आजोबांवर मला राग धरवत नाही. पोटचा मुलगा गेलेला, त्याच्या नावाची एवढी एक खूण उरलेली. आपल्याही गावात सासू म्हणते, 'माझ्या लेकाचं नाव पुसू नका.' त्या म्हणण्याला उत्तर हवंच. पण ते पोराच्या दाखल्यावर आईला हरवून देता येत नाही.

आता या निकालाचा अर्थ आपल्याकडं बायका चुकीचा लावतात, म्हणून थोडं थांबून सांगते. निकाल आडनावाचा आहे. आडनाव बदलणं आणि बाप बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आंध्रातल्या कुटुंबातही, खटला चालू असताना 2019 साली, नव्या वडिलांनी मुलाला नोंदणी केलेल्या दत्तकपत्रानं रीतसर दत्तक घेतलं होतं.

समजा, गेवराई तालुक्यातली एक बाई आहे. नवरा अपघातात गेला, मुलगी सात वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. बाईनं माजलगावकडच्या माणसाशी लग्न केलं. मुलीला नव्या घराचं आडनाव लावायचं असेल तर ती मुख्याध्यापकांकडं अर्ज करते. सोबत पहिल्या नवऱ्याचा मृत्यू दाखला, दुसऱ्या लग्नाचा नोंदणी दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि आपलं प्रतिज्ञापत्र जोडते. नाव बदलल्याचं शासनाचं राजपत्र काढून घेतलं तर पुढं आधार आणि बँकेलाही तेच चालतं. मुख्याध्यापक स्वतःच्या मनानं दाखल-खारीज रजिस्टरात खाडाखोड करू शकत नाहीत. प्रस्ताव वर शिक्षण खात्याकडं जातो, मंजुरी येते, आणि मग नोंदीसमोर त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहून बदल होतो. गुरुजी ओळखीचे असतील आणि पांढरा रंग लावून नाव बदलून देत असतील, तर घेऊ नका. टी.सी. नव्या नावानं मिळेल, पण पुढं कुणी निर्गम उतारा मागितला की गिरवलेली नोंद दिसते आणि आदेश क्रमांक सापडत नाही. तिथं पोरीचं काम अडतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत लेकरू दोन-तीन शाळांत नाव घालतं, तिथं हा घोळ जास्त होतो. आणि काही करायचं ते दहावीचा फॉर्म भरायच्या आत. त्यानंतर बोर्डाचं प्रमाणपत्र बदलणं फार कटकटीचं होतं.

जन्मनोंदीचं मात्र वेगळं आहे. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं जन्माची जी नोंद आहे ती 1969 च्या कायद्याखालची. त्या कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे चूक असेल तर दुरुस्ती होते, आणि तीही मूळ ओळ न खोडता, बाजूच्या समासात लिहून. पण पहिल्या नवऱ्याचं नाव बाप म्हणून लागलं ही चूक नाही. ते त्या दिवशी खरंच होतं. म्हणून नुसतं लग्न झालं एवढ्यावर ग्रामसेवक नव्या नवऱ्याला बाप म्हणून लिहू शकत नाही. त्यानं 'नाही' म्हटलं तर तो अडवणूक करत नाही. बापाचं नाव बदलायचं तर दत्तक लागतं.

दत्तकाच्या दोन वाटा आहेत. एक 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याची, त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. बाप वारला असेल तर आई लेकराला दत्तक देऊ शकते. पण लेकरू पंधरा वर्षांच्या आतलं हवं, आणि नव्या नवऱ्याला आधीचा मुलगा असेल तर त्याला या वाटेनं मुलगा घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. दोघांचंही दुसरं लग्न असेल तिथं गाडी इथंच अडते. दुसरी वाट 2015 च्या बाल न्याय कायद्याची. ती कुठल्याही धर्माच्या घराला खुली आहे, मुसलमान बहिणींनाही. त्यात सावत्र आईबापांनी दत्तक घ्यायची खास सोय आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं चौकशी करायची, अर्ज ऑनलाइन भरतात, आणि 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. तो आदेश दाखवला की जन्मदाखला नव्या बापाच्या नावानं मिळतो.

आता जमिनीचं. आडनाव बदललं म्हणून मुलीचा मेलेल्या बापाच्या शेतातला वाटा जात नाही. पण नुसतं आडनाव लावलं म्हणून नव्या बापाच्या शेतात वाटा मिळतही नाही. हिंदू वारसा कायद्यात सावत्र लेकरू वारस नाही. तिथं एक तर मृत्युपत्र हवं किंवा दत्तक. दत्तक झालं तरी बापाच्या मृत्यूनं आधीच तिच्या नावावर आलेली मालमत्ता तिचीच राहते, हे दत्तक कायद्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट आहे. म्हणून आधी तलाठ्याकडं वारस नोंद करून घ्या, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर पोरीचं नाव आलेलं डोळ्यांनी बघा, मग दत्तकाचं बघा. उलट क्रमानं केलं तर चुलते म्हणतात, 'ती आता आमची नाहीच,' आणि मग नोंदीसाठी वर्षं जातात. जातीच्या दाखल्यालाही बापाकडचे पुरावे लागतात. तेव्हा जुन्या नावाचा निर्गम उतारा, जुना जन्मदाखला, आदेशाची प्रत हे जपून ठेवा. टाकून देऊ नका.

हे सगळं झालं बाप वारलेल्या लेकराचं. घटस्फोट झाला असेल, बाप जिवंत असेल, तर तो बापच राहतो. पोरं आईकडं असली तरी दत्तकाला त्याची संमती लागते, आणि आडनावाला त्यानं हरकत घेतली की शाळा कोर्टाचा आदेश आणायला सांगते. नवरा नांदवत नाही, सोडून दिलंय, पण कागदावर घटस्फोट नाही, अशा बाईला तर आधी स्वतःचाच कागद नीट करावा लागतो.

एक बदल मात्र आपल्या राज्यात झाला आहे. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी सरकारी कागदांत लेकराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम आला. निजामाच्या कागदात जे नाव कुठंच नव्हतं ते आता लेकराच्या नावाला लागून दुसरं येतं, आणि आईनं कितीही लग्नं केली तरी ते बदलत नाही.

बाल न्याय कायद्याच्या वाटेनं गेलात तर आणखी एक कागद लागतो. लेकरू पाच वर्षांच्या वर असेल तर त्याची स्वतःची संमती लिहून घेतात. तेव्हा अर्ज भरायच्या आधी घरी बसून तिला विचारा, तुला कोणतं नाव हवं आहे.