आधी लहान करा, मग वर्ग करा

पहिल्या नोकरीत मी एका बॅटरीच्या तापमानाचं मॉडेल लिहीत होतो. आतला गाभा, बाहेरचं कवच आणि दोघांचं थंड होणं, एवढंच गणित. समीकरण y' = Ay. त्याचं उत्तर इंजिनिअरिंगला पाठ केलेलं: y(t) = e^(tA) y(0). शाळेतल्या e^x च्या मालिकेत x च्या जागी मॅट्रिक्स टाकला, पदं नगण्य होईपर्यंत बेरीज केली. छोट्या कंट्रोलरवर सिंगल प्रिसिजनमध्ये तो कोड चालला. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त निवत जायला हवी होती ती बॅटरी आकड्यांत तापत चालली होती.

दोन दिवस मी सेन्सरला दोष दिला. मग क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांचा १९७८ सालचा निबंध हाती लागला. मॅट्रिक्सची घातांकी काढण्याचे 'एकोणीस संशयास्पद मार्ग' असं त्याचं शीर्षक आहे आणि पहिलाच मार्ग माझा होता! त्यांचं उदाहरण असं:

```
A = [-49  24]
    [-64  31]
```

याच्या आयगनव्हॅल्यू -१ आणि -१७. म्हणजे एक भाग सावकाश विरतो, दुसरा झपाट्यानं. त्यांनी आयबीएम ३७० या मशीनवर ५९ पदं घेतली. डावीकडे मशीनचं उत्तर, उजवीकडे खरं:

```
[-22.25880  -1.432766]    [-0.735759  0.551819]
[-61.49931  -3.474280]    [-1.471518  1.103638]
```

पदं कमी पडली का? नाही. सोळाव्या आणि सतराव्या पदांतले आकडे दहा लाख ते एक कोटीच्या दरम्यान आहेत, चिन्हं मात्र उलट. ते एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि शिल्लक राहतं एखाद-दीडच्या आसपासचं उत्तर. पण मशीनला साधारण सहाच अंक धरता येतात. एक कोटीच्या संख्येत शेवटी काही एककांची चूक होणारच, आणि आपलं उत्तर त्या चुकीहून लहान आहे. पुढची पदं कितीही मिळवा, हरवलेले अंक परत येत नाहीत.

चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. e^A चा डिटरमिनंट कायम धन असतो, कारण तो e^(A च्या कर्णाची बेरीज) इतका असतो. मशीनच्या उत्तराचा डिटरमिनंट काढला तर जवळपास -१०.८ येतो. खरा आहे e^(-18), शून्याच्या किंचित वर. माझ्या बॅटरीच्या उत्तरांवर ही चाचणी लावली, तीही नापास झाली.

उपायाची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. हेन्री ब्रिग्ज यांचे लॉगरिदमचे तक्ते १९२४ नव्हे, १६२४ साली छापले गेले. त्यासाठी त्यांनी हातानं १० चं वर्गमूळ, मग त्याचं वर्गमूळ, असं चोपन्न वेळा काढलं. संख्या १ च्या इतकी जवळ आली की तिथं लॉगरिदम अगदी सरळ नियमानं मिळतो. मग उलट्या वाटेनं दुप्पट करत परत यायचं. अवघड प्रश्न आधी इतका लहान करायचा की तो सोपा होईल, ही ती युक्ती.

आपण त्याच वाटेनं e^A कडे जातो. e^A म्हणजे e^(A/2) चा वर्ग. म्हणून A ला 2^s नं भागायचं, लहान मॅट्रिक्सवर मालिकेची थोडी पदं घ्यायची आणि उत्तराचा s वेळा वर्ग करायचा:

```python
import numpy as np

def expm(A, s=7, n=10):
    B = A / 2**s
    T = E = np.eye(len(A))
    for k in range(1, n + 1):
        T = T @ B / k
        E = E + T
    for _ in range(s):
        E = E @ E
    return E
```

वरच्या A मध्ये स्तंभांतल्या संख्यांची, चिन्ह सोडून केलेली, सर्वांत मोठी बेरीज ११३ आहे. १२८ नं भागल्यावर ती एकाच्या आत येते, म्हणून s=7. आता पदं पहिल्यापासून घटत जातात, दहावं तर एक कोटीव्या भागाहूनही लहान. अवाढव्य संख्यांची वजाबाकीच उरत नाही.

मग s मोठाच का घेऊ नये? कारण वर्ग करताना चूकही दर वेळी साधारण दुप्पट होऊ शकते. हा मॅट्रिक्स बघा:

```
A = [1  1000000]
    [0       -1]
```

मोठी संख्या पाहून आपण s=20 घेऊ. कर्णावरचे १ आणि -१ मात्र त्या भागाकारात चिरडले जातात. त्यांचे इवलेसे अवशेष एकात मिसळताना डबल प्रिसिजनमध्येही सहाएक अंक गळतात. गंमत म्हणजे इथे A चा वर्ग आयडेंटिटी मॅट्रिक्सच आहे, म्हणजे घात वाढतच नाहीत. अवाद अल-मोही आणि निकोलस हायम यांनी २००९ साली हेच हेरलं: s ठरवताना फक्त A चा आकार नव्हे, त्याच्या घातांचा आकारही बघायचा.

मी कोड बदलला तेव्हा बॅटरी निवली. सेन्सर पहिल्यापासून खरंच सांगत होता.