तेंदूपत्त्याचं कार्ड

गहू-हरभरा घरी आला की मृगाच्या पेरणीपर्यंत शेतात हाताला काम नसतं, आणि बियाण्याला पैसा तर तेव्हाच लागतो. रामटेक, पारशिवनीकडच्या जंगलालगतच्या घरांना तो पैसा तेंदूच्या पानांनी दिला आहे.

पानाला मोल आलं ते विडीमुळे. भंडारा-गोंदियापासून आपल्या कामठीपर्यंत विडीचा धंदा वाढला. कामठीत १९३० नंतरच्या काळात बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. पान तोडणाऱ्या बाया मात्र रानोमाळ पांगलेल्या. त्यांना कोण जमा करणार?

काम तुम्हाला ठाऊकच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली की साधारण दीड महिन्यानं कोवळी, मोठी पानं फुटतात. एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात तोडाई. पहाटे निघायचं, उन्हाच्या आत परतायचं. मग घरच्या सावलीत सासू, लेकरं सगळी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात, आणि संध्याकाळी पुडे फळीवर मोजून द्यायचे. एका घरानं दिवसाला दीडशे पुडे दिले, तर हाताखालून साडेदहा हजार पानं गेली. डाग पडलेलं, फाटलेलं पान काढून टाकावं लागतं ते वेगळंच. गारपीट झाली की झाडावरचं पानच वाया जातं, आणि त्या वर्षी कार्डावर फार काही चढत नाही.

फळीवर मोजणाऱ्यानं शंभराला पाच पुडे जादा मागितले, तर साडेतीनशे पानं फुकट गेली. दिवसाच्या दीडशे पुड्यांवर पाचशेहून जास्त. वीस दिवसांत किती, ते घरी बसून मोजून पाहा.

१९६९ च्या कायद्यानं पानाचा व्यापार सरकारनं हाती घेतला. मजुरीचा दर ठरू लागला, आणि पुढे विक्रीच्या पैशातून तोडणाऱ्यांना बोनसही मिळू लागला. हा बोनस कार्डावरच्या नोंदीवर मिळतो. आता पानं तोडते बाई, पुडे बांधते बाई, आणि कार्ड बऱ्याच घरांत नवऱ्याच्या नावाचं! नोंद एका नावावर, म्हणून पैसाही त्याच नावावर जातो. रोजची नोंद फळीवरच पाहिली नाही, तर मागाहून भांडायला पुरावा उरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदू गौण वनोपजात धरला. सामूहिक हक्क मिळालेल्या विदर्भातल्या काही ग्रामसभा २०१३ पासून पानं स्वतः विकू लागल्या. दर त्यांनी स्वतः ठरवला. पण खरेदीदारानं पैसे थकवले, तर वसुलीही ग्रामसभेच्याच गळ्यात येते. म्हणून करार लिहून, आगाऊ रक्कम घेऊन आणि बाया सभेत हजर असतानाच तो व्यवहार करायचा. सभा साधारण तोडाईच्या आधी भरते. त्याच दिवशी कार्डावर आपलं नाव आहे की नाही, तेही विचारून घ्या.