मले वाटलं, तुमी केलं असन

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी औषधनिर्माण अधिकारी होतो. एकाच आवारात दोन चमू होते: दवाखान्याचा आणि लसीकरणाचा. लसींची थंड पेटी, म्हणजे आयएलआर, दोघांच्या मधल्या खोलीत होती. भिंतीवर जबाबदाऱ्यांचा तक्ता होता. एका प्रशिक्षणातून आणलेला, रंगीत, चकचकीत. त्यात आडव्या ओळीत कामं, उभ्या रकान्यांत माणसं आणि चौकटींत आर, ए, सी, आय ही अक्षरं. त्यातली एक ओळ होती 'शीतसाखळी व्यवस्थापन'. तिच्यासमोर दोन्ही चमूंखाली आर आणि दोन्हींखाली ए. प्रशिक्षणात आम्ही या ओळीवर टाळ्याही वाजवल्या होत्या, कारण दोघांनी मिळून काम करायचं ठरलं होतं.

शनिवार, संध्याकाळी ५.४०. चाळीस तास आधी.
नवतपा सुरू होता. दुपारभर अंगाची लाही झाली, मग वळवाचं वादळ आलं आणि वीज गेली. आयएलआरमध्ये तेव्हा ५ अंश होते. लसीला २ ते ८ अंश लागतात. या पेटीच्या भिंतीत बर्फाचा थर असतो. नीट चालणारी पेटी बाहेर ४३ अंश असले तरी वीज नसताना किमान वीस तास थंडी धरते, अट एकच, झाकण बंद राहिलं पाहिजे. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत कोणी काहीच केलं नसतं, तरी चाललं असतं.

६.३०.
दवाखान्याच्या सिस्टरनं वीज कंपनीला फोन केला. पंधरा मिनिटांनी लसीकरणाच्या सिस्टरनंही केला. दोघींना एकच उत्तर मिळालं: खांब पडलाय, रात्र लागेल. दवाखान्याचं जनरेटर सुरू झालं, पण त्याची लाईन प्रसूतिगृहापुरती होती. मधल्या खोलीचं कनेक्शन घ्यायचं राहून गेलं होतं. ते कोणी घ्यायचं, हे तक्त्यावर नव्हतं.

रात्री ८ ते १२.
लसीकरणाच्या सिस्टर आल्या, झाकण उघडलं, आतला थर्मामीटर वाचला: ६. तासाभरात दवाखान्याच्या ब्रदरनं उघडलं. मग पुन्हा त्यांनी, पुन्हा यानं. दोघांच्याही नोंदी अगदी व्यवस्थित, दोन वेगळ्या वह्यांत. पुढे मी त्या दोन वह्या शेजारी ठेवून मोजलं, तेव्हा झाकण चार तासांत नऊ वेळा उघडलं होतं. दर उघडण्याला खोलीतली गरम हवा आत शिरत होती. बाराला काटा ८ वर आला.

साडेअकराला तापमानाची सूचना माझ्या फोनवर आली होती. मी अमरावतीला लग्नात होतो, वरात दारात. मी ती सूचना दोन्ही चमूंच्या गटावर टाकली आणि खाली लिहिलं, 'बघा.' दोन्हीकडून अंगठे आले. मला वाटलं, झालं काम. 'बघा' कोणाला उद्देशून होतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

रविवार, १२.४०. तेहतीस तास आधी.
आठचा आकडा पाहून ब्रदर घाबरला आणि त्यानं लस कोल्ड बॉक्समध्ये हलवली. हेतू चांगला होता. पण बर्फाच्या कुप्या डीप फ्रीजरमधून काढल्या त्या थेट लावल्या. त्या कुप्या बाहेर काढून थोडा वेळ ठेवायच्या असतात. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मगच बॉक्समध्ये जायच्या. नाहीतर कुपीला चिकटलेली लस गोठते. पोलिओचे थेंब, बीसीजी, गोवर-रुबेला यांना गोठण्याचं भय नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी मात्र एकदा गोठली की संपली.

उष्णतेचं भय असताना आम्ही लस थंडीनं मारली, हे नंतर कळलं.

२.१५.
वीज आली. आयएलआर गुरगुरू लागली, रिकामी. लस परत ठेवायची कोणी? ब्रदर म्हणाला, लसीकरणवाले ठेवतील, पेटी त्यांची. सिस्टर घरी होत्या. त्यांनी शेजारच्या आरोग्य केंद्रातून गाडी बोलावून ठेवली होती. लस आधीच हललीय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी तीनपर्यंत थांबून परत गेली.

सकाळी ८.
सिस्टरनं बॉक्स उघडला. बाटल्यांवरच्या खुणा पाहिल्या. वर्तुळातला चौकोन फिकटच होता, म्हणजे लस वापरण्याजोगी. तिनं सगळी परत आयएलआरमध्ये लावली. तिची चूक म्हणता येणार नाही. ती खूण उष्णता दाखवते, गोठणं दाखवत नाही. रात्रीच्या वितळलेल्या बर्फाची साक्ष देणारं तिथं काहीच उरलं नव्हतं.

सोमवार, ९.४०.
ओट्यावर बाया लेकरं घेऊन बसलेल्या. एका बाटलीत सिस्टरला कण दिसले. मला बोलावलं. मी त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवायला लावली, ती पूर्ण वितळू दिली, मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून टेबलावर ठेवल्या. चांगल्या लसीत गाळ सावकाश बसतो. आमच्या दोन्ही बाटल्यांत तो सारख्याच वेगानं तळाशी गेला. गोठू शकणारा सगळा साठा बाद झाला. बायांना पुढची तारीख दिली. त्यातली एक आठ किलोमीटर चालत आली होती.

सायंकाळी दोन्ही चमू समोरासमोर बसले. ब्रदर एकच वाक्य बोलला: 'मले वाटलं, तुमी केलं असन.' सिस्टर म्हणाली, 'मलेही तेच वाटलं.' माझंही तेच होतं, फक्त माझ्या तोंडून निघालं नाही.

मग तक्ता उतरवला. त्या अक्षरांचा साधा अर्थ एवढाच: आर म्हणजे हात कोणाचे, ए म्हणजे जाब कोणी द्यायचा, सी म्हणजे आधी कोणाला विचारायचं, आय म्हणजे नंतर कोणाला सांगायचं. हात दोन-चार असू शकतात, जाब देणारा एकच हवा. दोन ए म्हणजे शून्य ए. आणि 'व्यवस्थापन' हे काम नव्हे, त्यात सहा कामं लपलेली असतात. म्हणून दर कामाचं एक वाक्य केलं, क्रियापदासकट:

वीज जाताच रात्रपाळीची सिस्टर झाकणावर 'उघडू नका' चिकटवते आणि वेळ लिहिते. वीज कंपनीला फोन तीच करते, तक्रार क्रमांक फळ्यावर लिहिते. दुसरं कोणी फोन करत नाही. झाकण फक्त लसीकरणाची सिस्टर उघडते, ती रजेवर असेल तर औषधनिर्माण अधिकारी. लस हलवायची की नाही हे औषधनिर्माण अधिकारी ठरवतो आणि त्याचा जाब तोच देतो. त्याआधी तो सिस्टरला विचारतो, नंतर दवाखान्याला सांगतो. जो हलवतो, तोच परत ठेवतो आणि वहीत सही करतो. वही एकच.

'जो हलवतो' या वाक्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. पाळी संपलेल्या माणसानं थांबायचं का? शेवटी ठरलं, थांबायचं, किंवा पुढच्याच्या हातात वही देऊन त्याची सही घ्यायची. जनरेटरची लाईन मधल्या खोलीपर्यंत ओढायला मात्र तीन महिने लागले, कारण ते वाक्य बांधकाम विभागाच्या नावावर होतं आणि ते आमच्या बैठकीत नव्हते.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा वीज गेली, सहा तास. त्या रात्रीच्या वहीत 'झाकण उघडले' या रकान्यात एकही नोंद नाही.