हातउसने पैसे: चिठ्ठीत परतीची तारीख का हवी?

मामाने भाच्याला दुकानासाठी दीड लाख रुपये हातउसने दिले आणि 'सवडीने दे' म्हणाला. गोची इथेच होते. परतीची तारीख ठरलेली नसेल, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार दाव्याची तीन वर्षे पैसे दिल्या दिवसापासूनच मोजतात. मामा भिडेपोटी गप्प राहतो आणि मुदत निघून जाते.

म्हणून रक्कम, दिल्याची तारीख, व्याज आहे की नाही आणि हप्ते कागदावर लिहून दोघांनी सही करावी. दरमहा ५,००० ठरले, तर फेड ३० महिन्यांत होते. शेवटच्या हप्त्याची तारीखही लिहावी. चिठ्ठी मागणे मामाला अवघड जाते, तेव्हा ती भाच्यानेच लिहून आणलेली बरी.

हप्ते थकले, तर मुदत संपण्याआधी भाच्याने 'इतके देणे बाकी आहे' असे सहीनिशी लिहून द्यावे. त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. तोंडी 'देतो मामा' इथे चालत नाही.

पैसे बँकेतूनच द्यावेत. २०,००० किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घेतल्यास, मामाकडून असले तरी, प्राप्तिकर खाते तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकते.