राखेतून गोणीवर आलेले आकडे

मिश्रखताच्या ५० किलोच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात. नत्र, स्फुरद आणि पालाश यांची ही वजनी टक्केवारी. हिशेब सोपा वाटतो: नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो, पालाश १३ किलो. पण १३ किलो स्फुरद म्हणजे १३ किलो फॉस्फरस नव्हे. मधला आकडा P₂O₅ या ऑक्साइडचा असतो आणि शेवटचा K₂O चा. गंमत अशी, की हे दोन्ही पदार्थ गोणीत नसतातच. तिथे असतात अमोनियम फॉस्फेट आणि पोटॅशियम क्लोराइड. या क्लोराइडात तर ऑक्सिजनचा अणूही नाही!

मग ही ऑक्साइडे आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या बर्झेलियस यांच्या मताचा रसायनशास्त्रावर पगडा होता. क्षार म्हणजे एक आम्लधर्मी व एक आम्लारिधर्मी ऑक्साइड यांची जोडी, असे ते मत. वनस्पतीला कोणती खनिजे लागतात हे शोधण्यासाठी रसायनज्ञ ती जाळून राखेचे पृथक्करण करीत आणि प्रत्येक घटक ऑक्साइडच्या रूपात मांडीत. त्यात सोयही होती. सर्व ऑक्साइडांची बेरीज शंभराजवळ आली नाही, तर कुठेतरी चूक झाल्याचे कळे. नत्र मात्र जळताना वायुरूपाने निघून जातो, राखेत उरत नाही. त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागे. १८४० मध्ये लिबिख यांचा कृषिरसायनावरील ग्रंथ आला, १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले. पुढे खतांचा व्यापार वाढला आणि प्रयोगशाळेतली ही भाषा त्यानेही उचलली. बर्झेलियस यांची कल्पना मागे पडली, आकडे राहिले.

आता मूलद्रव्ये काढू. P₂O₅ चा रेणुभार १४२, त्यात फॉस्फरस ६२. म्हणून १३ × ६२ ÷ १४२ = सुमारे ५.७ किलो फॉस्फरस. K₂O च्या ९४ भागांत पोटॅशियम ७८; म्हणून १३ × ७८ ÷ ९४ = सुमारे १०.८ किलो. नत्राचे ५ किलो तसेच राहतात, कारण तो आकडा मूलद्रव्याचाच आहे. ३१ किलो वाटणारी पोषकद्रव्ये प्रत्यक्षात २१.५ किलो भरतात.

यात शेतकऱ्याची फसवणूक होते का? नाही, कारण आपल्याकडील खतांच्या शिफारशीही याच भाषेत असतात. घोटाळा होतो तो दोन भाषा मिसळल्यावर. समजा, ५० किलो स्फुरद द्यायचे आहे. ५० भागिले १३, म्हणजे जेमतेम चार गोण्या. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने ५.७ ने भागले, तर जवळजवळ नऊ गोण्या येतील आणि दुपटीहून अधिक पैसे मातीत जातील. ऑस्ट्रेलियात गोणीवर मूलद्रव्यांचीच टक्केवारी देतात. तिथला तक्ता वाचताना हीच चूक उलट दिशेने होऊ शकते.

गोणीचे वजनही आधी वाचावे. युरियात ४६ टक्के नत्र असते. पण २०१८ पासून आपल्याकडे युरियाची गोणी ४५ किलोची झाली. तिच्यात २०.७ किलो नत्र भरते, जुन्या गणितांतले २३ किलो नव्हे.