मॅक्सवेलचे चार नियम : नावं कुणाची, समीकरणं कुणाची आणि चौथ्या नियमातली फट

विद्युतचुंबकत्वाचं प्रकरण ज्यांनी कॉलेजात शिकलंय, त्यांना त्याचं शेवटचं पान आठवत असेल. एक चौकट, चौकटीत चार ओळी. पहिली गाउसची, दुसरी चुंबकत्वाची, तिसरी फॅरडेची, चौथी अँपिअरची, आणि चारींना मिळून नाव मॅक्सवेलचं. आता गंमत बघा. फॅरडेने आयुष्यात यातलं एकही समीकरण लिहिलं नाही. अँपिअरने त्याच्या नावावर असलेली ओळ त्या रूपात कधी लिहिली नाही. आणि खुद्द मॅक्सवेलच्या 1865 सालच्या निबंधात चार नव्हे, वीस समीकरणं होती. मग ही चौकट आली कुठून? आजच्या भागात तेच बघूया. आणि चौथ्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबूया, कारण खरा इतिहास तिथे घडलाय.

आधी चारही नियम एकदा समोर मांडू.

```
1)  ∮ E·dA = Q/ε₀
2)  ∮ B·dA = 0
3)  ∮ E·dl = −dΦ_B/dt
4)  ∮ B·dl = μ₀ I + μ₀ε₀ dΦ_E/dt
```

ही झाली संकलित रूपं, म्हणजे इंटिग्रल फॉर्म. नीट बघितलं तर यात दोन जोड्या आहेत. पहिल्या दोन नियमांत एक बंद पृष्ठभाग आहे. त्याला आपण गाठ मारलेली पिशवी म्हणू. शेवटच्या दोन नियमांत एक बंद वाट आहे. तिला कडं म्हणू. परीक्षेत निम्मे गोंधळ होतात ते पिशवीचा नियम कड्याला लावल्यामुळे, म्हणून हे आधी पक्कं करून घ्या.

पहिला नियम म्हणतो, पिशवीतून निव्वळ किती विद्युतक्षेत्र बाहेर पडतं ते मोजा. त्यावरून आत किती विद्युतभार आहे ते कळेल. पिशवीचा आकार कसाही असो, भार आत कुठेही असो, उत्तर बदलत नाही. याच्या मुळाशी कूलोंबचा 1785 सालचा व्यस्त वर्गाचा नियम आहे. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र चौथाई होतं, पण पिशवीचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून गुणाकार तोच राहतो. मात्र एक लक्षात ठेवा : उत्तर शून्य आलं म्हणजे पिशवीवर क्षेत्रच नाही असं होत नाही. भार बाहेर असेल तर जितकं क्षेत्र एका बाजूने आत येतं तितकं दुसऱ्या बाजूने बाहेर जातं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा नियम म्हणतो, चुंबकासाठी हे उत्तर नेहमीच शून्य येतं. चुंबक मधोमध तोडा, प्रत्येक तुकड्याला पुन्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव मिळतात. एकटा ध्रुव आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. त्यामुळे चुंबकीय बलरेषेला सुरुवात नाही आणि शेवटही नाही.

तिसरा नियम 29 ऑगस्ट 1831 चा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेने एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडलं, दुसरं करंट दाखवणाऱ्या सुईला. करंट संथ वाहत असताना सुई ढिम्म. जोडताना आणि तोडताना मात्र ती हलली. म्हणजे महत्त्व चुंबकत्वाला नाही, त्याच्या बदलाला आहे. कड्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलला की कड्याभोवती विद्युतक्षेत्र फिरू लागतं. उणे चिन्ह सांगतं की उपजलेला करंट त्या बदलाला विरोध करतो. कोयनेच्या वीजघरातलं जनित्र याच ओळीवर चालतं. पण बुकबाइंडरकडे उमेदवारी करून आलेल्या फॅरडेला गणिताची भाषा येत नव्हती. त्याने बलरेषांची चित्रं काढली. या शोधाला गणिती रूप पहिल्यांदा दिलं ते नॉयमनने, 1845 साली.

चौथ्या नियमाचा पहिला भाग 1820 मधला. ओर्स्टेडने दाखवलं की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. अँपिअरने त्याच वर्षी दोन तारांमधल्या बलाचा अभ्यास सुरू केला. पण ‘कड्याभोवती चुंबकीय क्षेत्राची बेरीज म्हणजे आतून जाणारा करंट’ हे रूप मॅक्सवेलने 1850 च्या दशकात, फॅरडेच्या बलरेषांवरच्या आपल्या पहिल्या निबंधात मांडलं.

आता दुसरं रूप बघू, डिफरन्शियल म्हणजे विकलित.

```
1)  ∇·E = ρ/ε₀
2)  ∇·B = 0
3)  ∇×E = −∂B/∂t
4)  ∇×B = μ₀J + μ₀ε₀ ∂E/∂t
```

नियम तेच आहेत, फक्त पिशवी आणि कडं लहान लहान करत एका बिंदूपर्यंत आणलंय. डायव्हर्जन्स, म्हणजे ∇·, विचारतं : या बिंदूतून क्षेत्र उगवतंय का? कर्ल, म्हणजे ∇×, विचारतं : या बिंदूभोवती क्षेत्र भोवऱ्यासारखं फिरतंय का? पिशवीकडून बिंदूकडे नेणारा पूल म्हणजे गाउसचं प्रमेय, आणि कड्याकडून बिंदूकडे नेणारा पूल म्हणजे स्टोक्सचं प्रमेय. आणि हे स्टोक्सचं प्रमेयही मूळचं स्टोक्सचं नाही बरं का. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, 1850 साली ते त्याला पत्रातून कळवलं होतं. स्टोक्सने ते 1854 मध्ये केंब्रिजच्या स्मिथ्स प्राइझ परीक्षेत प्रश्न म्हणून टाकलं. आणि त्या परीक्षेला बसलेल्यांत एक होता बावीस वर्षांचा जेम्स क्लार्क मॅक्सवेल.

दोन रूपं कशाला हवीत, असं कुणी विचारेल. संकलित रूप मोजायला सोयीचं असतं, पण रचना सममित असेल तरच. गोल किंवा लांब सरळ तार असेल तर उत्तर दोन ओळींत येतं. वेड्यावाकड्या वस्तूसाठी नियम खराच असतो, पण त्यातून क्षेत्र सुटं काढता येत नाही. विकलित रूप मात्र प्रत्येक बिंदूवर लागू पडतं, आणि नियम एकमेकांशी जुळतात का हे तिथे तपासता येतं. ते तपासतानाच चौथ्यातली फट दिसते.

एक कपॅसिटर घ्या. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या दोन गोल चकत्या समोरासमोर, मध्ये हवेची बारीक फट. तारेतून 1 अँपिअर करंट येतोय आणि चकत्यांवर भार साठतोय. तारेभोवती 10 सेंटिमीटर अंतरावर एक कडं कल्पा. जुन्या, अपुऱ्या नियमाने तिथलं क्षेत्र काढू :

```
B = μ₀I/(2πr) = 2×10⁻⁶ T
```

म्हणजे 2 मायक्रोटेस्ला. इथवर ठीक. पण ‘कड्यातून जाणारा करंट’ मोजायचा तर कड्यावर एक पृष्ठभाग ताणावा लागतो. सपाट पडदा ताणला तर तार त्याला भोसकते, करंट 1 अँपिअर. त्याच कड्याला पिशवीचं तोंड समजा आणि पिशवीचा तळ दोन चकत्यांच्या मध्ये न्या. आता तार कुठेच भोसकत नाही. करंट शून्य! कडं तेच आणि क्षण तोच, पण उत्तरं दोन. निसर्ग असं करत नाही, म्हणजे नियमच अपुरा आहे.

आता फटीत काय चाललंय ते बघा. करंट नाही, पण विद्युतक्षेत्र वाढतंय. किती वेगाने? चकतीचं क्षेत्रफळ 0.00785 चौरस मीटर. म्हणून

```
dE/dt = I/(ε₀A) ≈ 1.4×10¹³ V/m प्रति सेकंद
```

याला ε₀ आणि क्षेत्रफळाने गुणलं की बरोबर 1 अँपिअर मिळतो. यालाच विस्थापन धारा म्हणतात. ही संज्ञा मिळवली की पडदा घ्या वा पिशवी, उत्तर एकच येतं. आणि फटीत कुठलाही भार वाहत नसताना तिथेही चुंबकीय क्षेत्र असतं. चकतीच्या अक्षापासून अडीच सेंटिमीटरवर कडं काढलं तर त्यात चौथाई विस्थापन धारा येते, आणि क्षेत्र पुन्हा 2 मायक्रोटेस्लाच भरतं.

मग हे कुणाला आधी दिसलं कसं नाही? आकड्यातच उत्तर आहे. हवा साधारण 30 लाख व्होल्ट प्रति मीटरला दम तोडते आणि ठिणगी पडते. वरच्या वेगाने ती मर्यादा सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी जेमतेम दोन भागांत गाठली जाते. करंट कमी करावा तर क्षेत्र इतकं क्षीण होतं की पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ते त्या काळच्या सुईला जाणवणार नाही. त्यामुळे ही संज्ञा प्रयोगशाळेत सापडली नाही, कागदावर सापडली.

पुस्तकांत सांगतात की भाराच्या अक्षय्यतेसाठी मॅक्सवेलने ती जोडली. तर्क म्हणून ते अचूक आहे : कर्लचा डायव्हर्जन्स नेहमी शून्य असतो, म्हणून ही संज्ञा नसेल तर भार कुठेच साठू शकणार नाही. पण 1861-62 मध्ये मॅक्सवेल तिथवर पोचला तो वेगळ्या वाटेने. त्याने अवकाशात फिरणारे भोवरे आणि त्यांच्या मध्ये चेंडूसारखे कण कल्पिले होते. हे माध्यम ताण पडला की किंचित सरकतं, आणि ते सरकणं म्हणजेही एक करंटच, असा त्याचा विचार. ‘विस्थापन’ हा शब्द तिथूनच आला. पुढे ते भोवरे गेले, संज्ञा राहिली.

आणि लवचीक माध्यम आलं की लाटही येते. बदलत्या B मुळे E, बदलत्या E मुळे B. लाटेचा वेग 1/√(μ₀ε₀). वेबर आणि कोलराउश यांनी 1856 मध्ये निव्वळ विजेच्या मोजमापातून जो आकडा काढला होता, त्यावरून मॅक्सवेलला वेग मिळाला सेकंदाला 3,10,740 किलोमीटर. फिझोने मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे 3,14,858. विजेची मोजमापं प्रकाशाच्या वेगाशी येऊन भिडली होती. प्रकाश म्हणजे याच माध्यमातली लाट, हा निष्कर्ष मॅक्सवेलने तिथे काढला.

मॅक्सवेल 1879 मध्ये, 48 व्या वर्षी गेला. चौकट अजून झालेली नव्हती. ती केली ऑलिव्हर हेविसाइडने. कानाने अधू, कॉलेजाचं तोंड न पाहिलेला, 1874 मध्ये तार कंपनीची नोकरी सोडून घरी बसलेला हा माणूस मॅक्सवेलचा ग्रंथ स्वतःच शिकला. 1885 च्या सुमारास ‘द इलेक्ट्रिशियन’ या साप्ताहिकातल्या लेखांत त्याने विभव, म्हणजे पोटेन्शियल, बाजूला सारले, सदिशांची भाषा वापरली आणि सगळं E व B च्या जोड्यांत आणलं. जर्मनीत हर्ट्झही स्वतंत्रपणे तशाच रूपापर्यंत आला, आणि 1887-88 मध्ये कार्ल्सरुहमध्ये त्याने त्या लाटा प्रत्यक्ष पकडून दाखवल्या.

तर मंडळी, ती चौकट पुन्हा समोर आली तर अशी वाचा : भारातून E उगवतं. B कुठूनच उगवत नाही. बदलतं B आपल्याभोवती E फिरवतं. आणि करंट किंवा बदलतं E आपल्याभोवती B फिरवतं. शेवटच्या वाक्यातलं ‘किंवा’ नंतरचं तेवढं मॅक्सवेलचं स्वतःचं. भेटू पुढच्या भागात, हर्ट्झच्या ठिणगीपाशी.