रेखांशावरून कालविभागाचा अंदाज

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश आणि एका अंशाला 4 मिनिटे. यावरून कोणत्याही गावाचा कालविभाग ढोबळमानाने काढता येतो. गावाच्या रेखांशाला 15 ने भागायचे आणि येणारा आकडा जवळच्या पूर्ण तासाला न्यायचा. गाव ग्रिनिचच्या पूर्वेला असेल तर तेवढे तास ग्रिनिचच्या पुढे, पश्चिमेला असेल तर मागे. शाळेच्या भूगोलात ही रीत शिकवली जाते, पण ती कुठे फसते हे समजायला पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचे उदाहरण फार उपयोगी आहे.

वसई-विरार साधारण 72.8 अंश पूर्व रेखांशावर आहे. 15 ने भागल्यावर 4.85 तास, म्हणजे 4 तास 51 मिनिटे येतात. ही झाली वसईची स्थानिक वेळ. जवळचा पूर्ण तास 5, म्हणून नियमानुसार वसई ग्रिनिचच्या 5 तास पुढे हवी. प्रत्यक्षात वसईतले घड्याळ साडेपाच तास पुढे असते.

भारताची वेळच अर्ध्या तासाची असल्यामुळे हा फरक पडतो, असे पटकन वाटते. ते पूर्ण खरे नाही. 4.85 हा आकडा जवळच्या अर्ध्या तासाला नेला तरी उत्तर 5 च येते, साडेपाच नव्हे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर बेतलेली आहे. वसई त्याच्या 9.7 अंश पश्चिमेला असल्याने सुमारे 39 मिनिटांचा फरक पडतो. देशाचा पसारा मात्र पूर्व-पश्चिम जवळजवळ 29 अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन तासांना थोडा कमी आहे. सगळ्यांना एकच वेळ द्यायची तर कोणाला तरी हा फरक सोसावाच लागतो, आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला तो बराच मोठा आला आहे.

तो फरक आला कसा, याचा इतिहास शेजारच्या मुंबईत सापडतो. मुंबईची जुनी ‘बॉम्बे टाइम’ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे होती, म्हणजे वर काढलेली वसईची स्थानिक वेळच जणू. रेल्वेची वेळ मात्र मद्रासची असे, ती सुमारे अर्ध्या तासाने पुढे. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईच्या घड्याळांचे काटे 39 मिनिटे पुढे न्यावे लागणार होते. मुंबईकरांनी याला कडाडून विरोध केला आणि शहरात ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून राहिली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेवर, तर शहरातले व्यवहार दुसऱ्या वेळेवर, असे तिथे दीर्घकाळ चालले.

नियम वसईत चुकत असला, तरी त्याच रेखांशाच्या आसपास तो इतरत्र बरोबर येतो. इस्लामाबाद सुमारे 73 अंशांवर आणि मालदीवची राजधानी माले 73.5 अंशांवर आहे. दोन्हीकडची घड्याळे ग्रिनिचच्या नेमकी 5 तास पुढे आहेत. सूर्य या तिन्ही ठिकाणी माथ्यावर येतो जवळपास एकाच क्षणी, पण वसईत घड्याळ अर्धा तास पुढचे दाखवते. फरक भूगोलाचा नाही, सरकारांच्या निर्णयाचा आहे.

वसईतला हा फरक काठीच्या सावलीवरूनही पाहता येतो. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी सरळ उभ्या काठीची सावली 12 वाजता नव्हे, तर सुमारे 12 वाजून 35 मिनिटांनी नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस नसेल, तेव्हा सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहावे. मात्र एका दिवसाच्या निरीक्षणावरून रेखांश काढायला जाऊ नये. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होते. वसईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12.23 च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला 12.53 च्या सुमारास येते. वर्षाची सरासरी घेतली, तरच 12.39 हाती लागते.

आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरच्यांना हा नियम बहुतेक वेळा साथ देतो. दुबई 55.3 अंशांवर असल्याने 3.69 तास येतात, ते 4 धरले की तिथली वेळ बरोबर मिळते. लंडनला तो फक्त हिवाळ्यात चालतो, कारण उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे केली जातात. चीनमधील काश्गर 76 अंशांवर, म्हणजे हिशेबाने 5 तास पुढे हवे. पण संपूर्ण चीनची अधिकृत वेळ ग्रिनिचच्या 8 तास पुढची एकच आहे, म्हणून तिथे चूक तीन तासांची होते. किरिबातीच्या पूर्वेकडील बेटांवर तर तारीखच चुकते. ती 157 अंश पश्चिमेला, म्हणून हिशेबाने ग्रिनिचच्या दहा-साडेदहा तास मागे येतात. पण 1995 पासून त्या देशाने सर्व बेटांवर एकच तारीख ठेवण्यासाठी वाररेषेला वळसा दिला, आणि ही बेटे ग्रिनिचच्या 14 तास पुढे आहेत.